बाल्कनीच्या नकाशासोबत जाणारे पान

आरसीसी डिझाइनरकडून साइटवर नकाशे जातात, त्यांत सळईचा व्यास असतो, दोन सळयांमधले अंतर असते, स्लॅबची जाडी असते. हे आकडे कशाच्या भरवशावर आले, ते मात्र नकाशावर क्वचितच सापडते. स्लॅबवर किती वजन येईल असे धरले होते, सळई नेमकी किती उंचीवर राहील असे मानले होते, खालचे टेकू कधी निघतील अशी अपेक्षा होती, हे सगळे गणिताच्या फाइलमध्ये आणि डिझाइनरच्या डोक्यात राहते. काही डिझाइनर नकाशांसोबत एक वेगळे टिपण देतात. पानभर किंवा दोन पाने, साइट इंजिनिअर आणि मुकादम यांना उद्देशून लिहिलेले. माझ्या मते बांधकामाच्या कागदांमध्ये एवढे उपयोगी दुसरे पान नाही. ते काय सांगते, हे बाल्कनीच्या स्लॅबवरून सर्वांत चांगले कळते, कारण बाल्कनी चूक पोटात घालत नाही. खोलीचा स्लॅब चारही बाजूंनी बीमवर टेकलेला असतो, एक बाजू कमकुवत झाली तर भार दुसरीकडे सरकतो. भिंतीबाहेर झुलणाऱ्या स्लॅबला धरणारी बाजू एकच.

उदाहरणादाखल एखाद्या निवासी इमारतीतली नेहमीची बाल्कनी घेऊ. बीमपासून 1.2 मीटर बाहेर आलेली, 150 मिमी जाड, एम 25 काँक्रीट, वरच्या बाजूला 8 मिमीच्या सळया दर 200 मिमीवर. टिपणाचा पहिला परिच्छेद वजनांचा असतो. स्लॅबचे स्वतःचे वजन दर चौरस मीटरला 375 किलो, लादी आणि तिच्याखालचा मसाला मिळून 125 किलो, माणसे आणि सामान 300 किलो. हा शेवटचा आकडा भारतीय मानक 875 मधला आहे. घरातल्या खोल्यांसाठी 200 किलो धरतात, बाल्कनीसाठी 300, कारण बाल्कनीत लोक एकदम गर्दी करतात. कडेला लोखंडी रेलिंग, मीटरला 50 किलो. एवढेच धरले आहे, असे टिपण स्पष्ट म्हणते. आणि त्याच्या पुढची ओळ जास्त महत्त्वाची असते: ‘कडेला विटांची भिंत, काँक्रीटची कुंडी किंवा मातीचा वाफा धरलेला नाही. तसा बदल करायचा असल्यास काँक्रीट ओतण्यापूर्वी कळवावे.’

ही ओळ का लागते? आर्किटेक्टच्या चित्रात रेलिंगच्या जागी पुढे कधीतरी सुंदर हिरवा वाफा येतो. 400 मिमी रुंद, 450 मिमी खोल, ओल्या मातीने भरलेला असा वाफा मीटरला साधारण 340 किलो भरतो. एकूण वजनाच्या मानाने हा आकडा मोठा वाटत नाही, पण तो बाल्कनीच्या टोकाला बसतो. भरलेली बादली छातीशी धरणे आणि हात लांब करून धरणे यात जो फरक, तोच इथे. बाल्कनीच्या मुळाशी, म्हणजे ती बीममधून बाहेर निघते तिथे, ठरल्या वजनांनी जो वाकवणारा जोर येतो त्याला 100 म्हणू. यातले 66 कायमच्या वजनाचे आणि 34 माणसांच्या गर्दीचे. एकटा वाफा त्यात 53 ची भर घालतो. लोखंडी रेलिंगऐवजी मीटरभर उंचीची अर्ध्या विटेची, दोन्हीकडून प्लास्टर केलेली भिंत बांधली तर 40 च्या आसपास वाढतात. मुळात ही बाल्कनी नीट बांधली गेली तर सुमारे 210 पर्यंतचा जोर घेऊ शकते. म्हणजे वाफा आला तरी ती लगेच पडणार नाही. डिझाइनमध्ये राखून ठेवलेली सुरक्षितता मात्र मानकाने सांगितलेल्या दीडपटीच्या खाली येते.

‘नीट बांधली गेली तर’ ही अट टिपणाच्या दुसऱ्या परिच्छेदाची आहे, आणि याच परिच्छेदासाठी मी ते टिपण लिहायला लावीन. खोलीच्या स्लॅबमध्ये मधल्या भागात ताण खाली येतो, म्हणून मुख्य सळई खाली असते. बाल्कनीत उलटे. वजनाने टोक खाली जाऊ पाहते, वरचा पृष्ठभाग ताणला जातो, म्हणून सळई वरच हवी. काँक्रीटला ताण सोसत नाही, तो सगळा त्या आठ मिमीच्या सळयांवर येतो. सळई जितकी वर, तितकी तिची पकड जास्त. आपल्या बाल्कनीत वर 20 मिमीचे कव्हर सोडून सळई तळापासून 126 मिमीवर असावी असे गणित आहे.

आता काँक्रीटच्या दिवशी साइटवर काय होते ते पाहा. सकाळी सळई चेअरवर उभी असते, म्हणजे वाकवलेल्या सळयांच्या घोड्यांवर. मग मजूर पाट्या घेऊन तिच्यावरून चालतात, व्हायब्रेटरवाला पाइप ओढत जातो, काँक्रीट पंपाचा होज टेकवला जातो. चेअर दूरदूर असतील किंवा बांधलेल्या नसतील, तर त्या आडव्या होतात आणि सळई दबते. 50 मिमी दबली तर वर काहीच दिसत नाही, काँक्रीटचा पृष्ठभाग तितकाच गुळगुळीत असतो. पण 210 ची ताकद 124 वर आलेली असते. सळई पार तळाशी गेली तर ती तिथे असून नसल्यासारखी.

म्हणून टिपणात असे काहीसे लिहिलेले असते: ‘बाल्कनीच्या वरच्या सळईसाठी चेअर दर मीटरला, दोन्ही दिशांना, तारेने बांधून. बाल्कनीवर चालण्यासाठी फळ्या टाकाव्यात. काँक्रीट ओतताना एका माणसाचे काम फक्त सळईची उंची पाहण्याचे असावे. वरची सळई आतल्या खोलीच्या स्लॅबमध्ये 1.8 मीटर गेली पाहिजे, बीममध्येच वाकवून संपवू नये.’ शेवटचे वाक्य बार बेंडरसाठी आहे. बाहेर जेवढी बाल्कनी, त्याच्या दीडपट सळई आत, हा नेहमीचा ठोकताळा आहे. आतल्या स्लॅबचे वजनच बाल्कनीला मागून धरून ठेवते. त्यामुळे त्या 1.8 मीटरच्या पट्ट्यात नंतर डक्टसाठी मोठे भोक पाडायचे नाही, हेही टिपणात येते. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांच्यासाठी साइट इंजिनिअरने ही ओळ वेगळी वाचून दाखवलेली बरी.

वरचे आकडे एकत्र मांडले की धोका कळतो. सळई दबलेली, ताकद 124. वाफा आला, कायमचे वजन 66 अधिक 53, म्हणजे 119. बाल्कनी उभी आहे. घरात लोक राहायला येतात, कपडे वाळतात, दोन खुर्च्या असतात, सगळे ठीक. मग गणपतीची मिरवणूक रस्त्यावरून जाते आणि सगळे घर, वर पाहुणे, बाल्कनीच्या कडेला येऊन उभे राहतात. जोर 153 कडे जातो. दोन चुकांपैकी कोणतीही एकच असती तर बाल्कनीने ती सहन केली असती. त्या दोन वेगवेगळ्या माणसांच्या हातून, वेगवेगळ्या वर्षी होतात, आणि दोघांनाही जोडणारा कागद एकच असतो.

तिसरा परिच्छेद टेकूंचा. भारतीय मानक 456 प्रमाणे 4.5 मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी काढता येतात, त्याहून मोठ्या स्लॅबचे चौदा दिवसांनी. हे आकडे साइटवर सगळ्यांना पाठ असतात. ते साध्या पोर्टलँड सिमेंटचे आहेत, हे मात्र विसरले जाते. राखमिश्रित पीपीसी सिमेंट सुरुवातीला सावकाश घट्ट होते, आणि अशा वेळी मुदत बदलावी असे मानकच सांगते. चांगले टिपण म्हणून नुसते दिवस सांगत नाही, अमुक ताकदीचा क्यूब रिपोर्ट आल्याशिवाय बाल्कनीचे टेकू काढू नयेत असे सांगते.

टेकू काढायचा क्रमही असतो. खोलीच्या स्लॅबचे टेकू मधून कडेकडे काढतात. बाल्कनीचे टोकाकडून भिंतीकडे. कोणी भिंतीजवळचे टेकू आधी काढले आणि टोकाची रांग तशीच ठेवली, तर बाल्कनी काही तास एका बाजूला बीम आणि दुसऱ्या बाजूला टेकू अशी टेकलेली राहते. मग तिचा मधला भाग खाली वाकतो आणि ताण खालच्या बाजूला येतो, जिथे मुख्य सळई नाही. खालून तडा जातो आणि तो कशामुळे गेला हे नंतर कोणाला उलगडत नाही.

त्याहून मोठा प्रश्न वरच्या मजल्याचा. वरच्या बाल्कनीचे ओले काँक्रीट, सेंटरिंग आणि माणसे मिळून दर चौरस मीटरला पाचशे किलोंच्या वर वजन खालच्या बाल्कनीवर टेकूंमधून उतरते. तिच्यासाठी तर 300 च धरले होते, तेही ती पूर्ण घट्ट झाल्यानंतर. म्हणून टिपणात लिहितात की वरचा मजला ओतताना खालच्या दोन मजल्यांच्या बाल्कन्यांचे टेकू जागेवर हवेत. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात 2 मार्च 1973 रोजी स्कायलाइन प्लाझा ही बांधकाम चालू असलेली उंच इमारत कोसळून 14 कामगार मेले. वरच्या मजल्यांवर स्लॅबचे टेकू काँक्रीट पुरेसे घट्ट होण्यापूर्वी काढले गेले होते. एक स्लॅब खांबाभोवती तुटला, आणि पडलेल्या ढिगाऱ्याने खालचे मजले एकामागून एक नेले.

टिपणाचा शेवटचा भाग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. इथे डिझाइनर आपल्या डिझाइनची हद्द सांगतो: कशासाठी हे गणित चालणार नाही, आणि काय दिसले तर काम थांबवून फोन करायचा. उदाहरणार्थ, टेकू काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर बाल्कनीच्या टोकाची पातळी मोजून वहीत लिहावी. इतक्या छोट्या बाल्कनीचे टोक स्वतःच्या वजनाने एक-दोन मिलिमीटर खाली येईल, पाच मिलिमीटर आले तर सळई जागेवर नाही असे समजून टेकू परत लावावेत. वरून, भिंतीला लागून, भिंतीच्या रेषेतच तडा दिसला तरीही तेच. हा तडा महत्त्वाचा, कारण तो नेमका सळई ताणली जाते तिथे पडतो. एकदा लादी बसली की तो झाकला जातो आणि पाणी सळईपर्यंत झिरपत राहते. म्हणून लादी बसवण्यापूर्वी तपासणी, असे टिपणात तारखेच्या रकान्यासह छापलेले असावे.

एक गोष्ट मी हट्टाने मागेन. या पानाची प्रत इमारत ताब्यात देताना सोसायटीच्या फाइलमध्ये जायला हवी, कारण वजनाची ओळ बांधकाम संपल्यावरही लागू राहते. दहा वर्षांनी तिसऱ्या मजल्यावरचे कुटुंब बाल्कनी खोलीत घेऊन कडेला विटांची भिंत उभारायला निघते, तेव्हा ठेकेदार भिंतीचा दर सांगतो आणि सोसायटीचे सचिव परवानगीच्या पत्रावर सही करतात. डिझाइनर तेव्हा त्यांच्यासमोर नसतो. फाइलमध्ये ‘कडेला रेलिंग फक्त, मीटरला 50 किलो’ ही ओळ असेल तर सही करण्यापूर्वी एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायचे, एवढे तरी त्यांना कळेल.