भीती पोटात, राग हातात, प्रेम काळजात

मराठी माणसाच्या पोटात पूर्वी कावळे ओरडत, तेही फक्त भूक लागल्यावर. फुलपाखरं तिथे अलीकडे आली, इंग्रजीतून. परीक्षेच्या दारात किंवा रंगमंचावर पाऊल टाकण्याआधी जे होतं त्याला आपण ‘पोटात गोळा आला’ म्हणतो. इंग्रज त्यालाच पोटातली फुलपाखरं म्हणतो. पण हे दोन्ही अनुभव तंतोतंत एक नाहीत. गोळा जड असतो आणि त्यात निव्वळ भीती असते. फुलपाखरांत भीतीबरोबर थोडी उत्सुकताही असते.

पोटात खरोखरच काहीतरी घडतं. संकटाची चाहूल लागली की अॅड्रिनलिन रक्तात मिसळतं. हृदयाचे ठोके वाढतात, पचनाकडे जाणारं रक्त कमी होऊन स्नायूंकडे वळतं आणि जठराचं काम मंदावतं. मोठ्या आतड्याच्या हालचाली मात्र वाढू शकतात. पेपर सुरू होण्याआधी स्वच्छतागृहाबाहेर रांग लागते, त्यामागचं हे एक कारण. आतड्यांना स्वतःचं मज्जातंतूंचं दाट जाळं असतं आणि मेंदूशी त्याची सतत देवाणघेवाण चालू असते. त्यामुळे भीतीचा पत्ता पोटात सापडावा, यात नवल नाही.

फिनलंडमधल्या संशोधकांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात सुमारे 700 जणांना माणसाच्या कोऱ्या आकृत्या दिल्या. प्रत्येक भावनेच्या वेळी शरीरात कुठे हालचाल वाढते आणि कुठे मंदावते, ते त्यांनी रंगवून दाखवायचं होतं. त्यात फिनलंड, स्वीडन आणि तैवानचे लोक होते. भाषा वेगळ्या असूनही त्यांचे नकाशे बरेचसे जुळले. भीती छातीत दिसली, रागात हात रंगले, किळस घशात आणि पोटात उमटली. हे लोकांनी सांगितलेले अनुभव होते, यंत्राने केलेली मोजमापं नव्हेत. तरी एवढं दिसतं की अनुभवाचा कच्चा माल बऱ्याच अंशी सगळ्यांचा सारखा असतो.

फरक पडतो तो त्या मालातून काय निवडायचं इथे. जर्मन माणूसही पोटातली फुलपाखरंच म्हणतो, पण त्याला अभिप्रेत असतं प्रेमात पडणं. मंचावर जाण्याच्या धास्तीला त्याच्याकडे वेगळा शब्द आहे, ‘लाम्पेनफीबर’, म्हणजे दिव्यांचा ताप. इंडोनेशियात या धाकधुकीला ‘देग-देगान’ म्हणतात आणि जपानीत ‘दोकी-दोकी’. दोन्ही शब्द छातीच्या ठोक्यांच्या आवाजावरून घडलेले, आपल्या ‘धडधड’सारखेच. जपानी माणूस पोट राखून ठेवतो ते रागासाठी: त्याला राग आला की त्याचं पोट ‘उभं राहतं’. मराठीत मात्र दुसऱ्याचं चांगलं झालं की ‘पोटात दुखतं’, आणि कुणाची चूक माफ केली की ती ‘पोटात घातली’ जाते.

सर्वांत रंजक प्रवास यकृताचा. मटणाच्या दुकानात ‘काळीज’ मागितलं तर यकृतच मिळतं. पण बोलताना याच काळजाचा ठोका चुकतो, म्हणजे आपण हृदयाचं काम यकृताकडे सोपवलं आहे. मलय आणि इंडोनेशियन भाषांतही ‘हाती’ म्हणजे यकृत, आणि मनही. तिथे मन दुखावलं की ‘साकित हाती’, म्हणजे यकृत दुखतं. प्रेमभंगात ते मोडतं, आणि ‘हाती-हाती’ म्हटलं की अर्थ होतो ‘सांभाळून’. इटालियनमध्ये मात्र ज्याच्याकडे यकृत आहे तो धाडसी. लाडक्या माणसाला चिनीत ‘हृदय-यकृत’ म्हणतात.

यावरून इंडोनेशियन माणूस यकृताने विचार करतो असा निष्कर्ष काढणं मात्र घाईचं ठरेल. वाक्प्रचार एकदा रुळला की बोलणाऱ्याच्या डोळ्यापुढे तो अवयव येतोच असं नाही. ‘काळजाला भिडलं’ म्हणताना आपल्यालाही मटणाचं दुकान आठवत नाही.

म्हणून अनुवाद करताना अवयव जसाच्या तसा उचलू नये, आधी प्रसंग पाहावा. इंग्रजी कथेतली मुलगी मुलाखतीला निघाली असेल आणि भीतीचा भाग मोठा असेल, तर ‘पोटात गोळा आला’. निकालाची वाट पाहत असेल, तर ‘छातीत धडधडत होतं’. कुणाच्या भेटीला निघाली असेल, तर ‘हुरहुर लागली होती’. इंग्रजीचा एकच वाक्प्रचार आणि मराठीत तीन वाटा, त्यांतली एक अवयवाशिवायची. तिन्ही ठिकाणी फुलपाखरंच सोडली, तर शब्द पोचतील आणि भावना मात्र मागे राहील.