मृत्युपत्राला हरकत : कॅव्हेट कोठे द्यावे, कसे द्यावे

वडिलांच्या मृत्युपत्राविषयी मनात शंका असलेला वारस बहुधा एका समजुतीवर निर्धास्त असतो. प्रकरण न्यायालयात जाईल तेव्हा आपल्याला नोटीस येईलच आणि त्या वेळी आपले म्हणणे मांडता येईल, ही ती समजूत. ती अर्धीच खरी आहे. मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयीन दाखला म्हणजे प्रोबेट. तो मागताना जवळच्या वारसांना सूचना देण्याचा प्रघात आहे. परंतु त्या वारसांची नावे आणि पत्ते अर्जात लिहितो तो अर्जदारच. विवाहित बहिणीचा पत्ता म्हणून माहेरचेच घर लिहिले गेले आणि लिफाफा तेथल्याच कोणी घेतला, तर सूचना कागदोपत्री पोहोचते, बहिणीपर्यंत पोहोचत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. मृत्युपत्र मुंबईत झालेले नाही आणि त्यातील स्थावरही मुंबईत नाही, अशा ठिकाणी प्रोबेट कधीच सक्तीचे नव्हते. सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडची अनेक मृत्युपत्रे न्यायालयाची पायरी न चढताच सरळ तलाठी कार्यालयात किंवा नगर भूमापन कार्यालयात जातात आणि त्यांच्या आधारे दप्तरी नाव बदलते. म्हणजे हरकत घेणाऱ्याला दोन दरवाजे राखायचे असतात. एका दरवाजावर लावलेले कुलूप दुसऱ्याला लागत नाही. न्यायालयात कॅव्हेट देऊन स्वस्थ बसलेल्या माणसाला सहा महिन्यांनी सातबारा काढल्यावर धक्का बसतो, तो यामुळेच.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. उदाहरण कल्पित आहे, पण आपल्यापैकी अनेकांना ते ओळखीचे वाटेल. सांगलीत हळदीच्या अडतीचा व्यवसाय असलेले एक गृहस्थ वारले. पत्नी आधीच निवर्तलेली. मागे दोन मुलगे आणि इचलकरंजीला दिलेली एक मुलगी. मिळकत म्हणजे त्यांनी स्वतः घेतलेला सांगलीतील गाळा, राहते घर आणि कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातील तीन एकर शेती. पंधरवड्याने थोरल्या मुलाने साध्या कागदावर टंकलिखित केलेले मृत्युपत्र दाखवले. त्यात सर्व काही त्यालाच दिलेले होते. तारीख वडील रुग्णालयात होते त्या आठवड्यातली. साक्षीदार दुकानातील दिवाणजी आणि थोरल्याचा एक मित्र.

या मुलीला हरकत घेण्याचा अधिकार आहे काय, हा पहिला प्रश्न. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 जैनांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसते, तर तिन्ही अपत्यांना समान, म्हणजे एकेक तृतीयांश हिस्सा मिळाला असता. मृत्युपत्र टिकले तर तिचा तृतीयांश जातो. जो हिस्सा मिळाला असता तो प्रोबेटमुळे हातचा जाणे, हाच कॅव्हेट देण्यापुरता हितसंबंध. धाकट्या मुलालाही तो आहे.

आता समजा, चुलतेही पुढे आले आणि म्हणाले, ‘गाळा भावाचा नव्हताच, आमच्या एकत्र पेढीच्या पैशातून घेतलेला आहे.’ त्यांचे म्हणणे खरे असेलही. पण ते मृत्युपत्राविरुद्ध नसून मृताच्या मालकीविरुद्ध आहे. प्रोबेट न्यायालय मालकी ठरवत नाही. हे मृताचे शेवटचे आणि विधिवत केलेले मृत्युपत्र आहे काय, एवढेच ते पाहते. प्रियंवदा बिर्ला यांच्या मृत्युपत्रावरील वादात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली हाच भेद स्पष्ट केला आणि बिर्ला कुटुंबातील काही नामांकित व्यक्तींची कॅव्हेट टिकली नाहीत. चुलत्यांचा मार्ग स्वतंत्र दिवाणी दाव्याचा. मुलीनेही ‘ही मिळकत वडिलोपार्जित आहे’ एवढ्याच मुद्द्यावर कॅव्हेट उभे करू नये. तो मुद्दा वाटपाच्या दाव्यात शोभतो. कॅव्हेटमध्ये ‘मी मुलगी आहे, वारस आहे आणि हे मृत्युपत्र मला मान्य नाही’ असेच म्हणावे.

कॅव्हेट या शब्दाने दोन वेगळे कागद ओळखले जातात आणि येथे घोटाळा होतो. बँकेत थकीत कर्जाच्या प्रकरणांत आम्हाला परिचित असलेले कॅव्हेट दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148-अ खालचे. ते दाखल झाल्यापासून नव्वद दिवसच चालते आणि ज्याच्याकडून अर्जाची अपेक्षा आहे त्याला नोंदणीकृत डाकेने कळवावे लागते. मृत्युपत्राचे कॅव्हेट भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 284 खालचे आहे. त्या कलमात नव्वद दिवसांची मर्यादा लिहिलेली नाही. ते नोंदले गेल्यावर, कॅव्हेट देणाऱ्याला वाजवी सूचना मिळेपर्यंत प्रोबेटच्या अर्जावर पुढे कार्यवाही होत नाही, असे कलम 285 सांगते. सवयीने 148-अ चा छापील नमुना भरून देणारे वकील आहेत. म्हणून सही करण्यापूर्वी शीर्षकातील कलम स्वतः वाचावे. कार्यालयाने अर्ज 148-अ खालीच नोंदवून घेतला असेल, तर नव्वद दिवस पुरे होण्याआधी नवा द्यावा. त्याबद्दल वाद घालत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

कलम 284 च्या कॅव्हेटचा नमुना अधिनियमाच्या पाचव्या अनुसूचीत आहे आणि तो आश्चर्य वाटावे इतका लहान आहे. अमुक ठिकाणी राहणारे, अमुक तारखेस अमुक ठिकाणी वारलेले अमुक यांच्या संपदेच्या बाबतीत, अमुक यांना सूचना दिल्याविना काही करू नये, एवढाच त्याचा आशय. या टप्प्याला भांडणाची कारणे लिहावी लागत नाहीत. काळजी घ्यायची ती नावाची. कार्यालयात नवा अर्ज आला की कॅव्हेटची नोंद नावावरून शोधली जाते. आपल्याकडे मृताचे नाव आधारपत्रात एक, सातबाऱ्यावर दुसरे आणि पेढीच्या कागदांत तिसरे असते. कोठे आडनाव, कोठे ‘शेठ’, कोठे ‘पाटील’. तेव्हा ‘उर्फ’ घालून सर्व रूपे लिहावीत. स्वतःचा पत्ता मात्र जेथे टपाल खात्रीने हाती पडते तोच द्यावा.

कोणत्या न्यायालयात? मृताचे कायम वास्तव्य जेथे होते तेथील जिल्हा न्यायाधीशांकडे प्रोबेट मागता येते. तसेच मिळकतीचा कोणताही भाग ज्या जिल्ह्यात आहे तेथेही मागता येते. म्हणून आपल्या उदाहरणातील मुलीने सांगली आणि कोल्हापूर अशा दोन्ही जिल्हा न्यायालयांत कॅव्हेट द्यावे. जिल्हा न्यायाधीशांना कॅव्हेटची प्रत इतर संबंधित न्यायाधीशांकडे पाठवण्याची सोय त्याच कलमात आहे. तशी विनंती अर्जात जरूर करावी, परंतु तिच्यावर विसंबून दुसरे कॅव्हेट टाळू नये. वेळेविषयी म्हणाल तर मृत्यूनंतर सात पूर्ण दिवस उलटल्याशिवाय प्रोबेट देता येत नाही. पण त्याहून अधिक थांबण्याचे बंधनही अधिनियमात नाही.

मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत याहून काटेकोर वेळापत्रक आहे. तेथे सूचनापत्र मिळाल्यापासून चौदा दिवसांत कॅव्हेट आणि कॅव्हेटनंतर आठ दिवसांत कारणांसहित शपथपत्र अपेक्षित असते. शपथपत्र राहून गेले तर नुसते कॅव्हेट फारसे कामाचे उरत नाही.

आता दुसरा दरवाजा. मृत्युपत्राची प्रत जोडून थोरल्याने शिरोळ तालुक्यातील तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्ज दिला, की गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद धरली जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 150 प्रमाणे तिची प्रत चावडीवर लावतात आणि अधिकार अभिलेखावरून ज्यांचा संबंध दिसतो त्यांना लेखी सूचना देतात. अडचण येथेच आहे. अभिलेखात नाव एकट्या वडिलांचे. मुलीचे नाव त्यावर कधी आलेलेच नाही. मग दप्तरावरून तिचा संबंध कोणाला दिसणार?

तलाठी कार्यालयात ‘कॅव्हेट’ या नावाने आगाऊ अर्ज देण्याची रीत पडली आहे. पोच घेऊन तो अवश्य द्यावा. तिचे अस्तित्व आणि पत्ता निदान दप्तरात येतो. परंतु संहितेने किंमत दिली आहे ती धरलेल्या फेरफारावरील लेखी हरकतीला. फेरफार क्रमांक माहीत असलेली हरकत मुदतीत आली, की नोंद तक्रारी ठरते, विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि सुनावणीशिवाय प्रमाणित करता येत नाही. सूचनेत हरकतीसाठी साधारण पंधरा दिवस दिलेले असतात. म्हणून शासनाच्या ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर त्या गावाचे प्रलंबित फेरफार दर आठवड्याला पाहावेत. इचलकरंजीत बसून पाच मिनिटांत होणारे हे काम आहे. सांगलीच्या गाळ्यासाठी आणि घरासाठी मिळकत पत्रिका असल्याने तेथील हरकत नगर भूमापन अधिकाऱ्यांकडे वेगळी द्यावी लागते. हरकतीसोबत मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा आणि न्यायालयातील कॅव्हेटची प्रत जोडावी.

नोंद प्रमाणित झालीच, तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील करता येते. फेरफाराने मालकी मिळत नाही, ती नोंद महसुलापुरती असते, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. तरीही सातबाऱ्यावर एकच नाव असलेल्या माणसाला गिऱ्हाईक मिळते आणि कर्जही मिळते, हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने अनेक वर्षे पाहिले आहे. बँकेतील ठेवींना यांपैकी कोणतेही कॅव्हेट अडवत नाही. न्यायालयाचा मनाई आदेश नसेल तर नामनिर्देशिताला रक्कम दिली जाते. तसेच कॅव्हेट असतानाही मिळकत विकता येते. विक्री थांबवायची तर वाटपाचा दावा आणि त्यात तात्पुरता मनाईहुकूम मिळवावा लागतो.

मग कॅव्हेटने साधते काय? हरकत नसती तर थोरल्याला शपथपत्रांवर प्रोबेट मिळाले असते आणि ते मागाहून रद्द करून घेण्याचा भार बहिणीवर पडला असता. हरकतीमुळे अर्जाला दाव्याचे रूप येते. थोरला वादी, बहीण प्रतिवादी, आणि मृत्युपत्र सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची. सर्व लाभ ज्याला मिळतो त्यानेच कागद तयार करण्यात पुढाकार घेतला असेल, तर तो संशय त्यानेच दूर करावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्येच ठरवले आहे. बहिणीने रुग्णालयाची त्या आठवड्यातील कागदपत्रे न्यायालयामार्फत मागवावीत. वडिलांच्या खात्यातील नमुना सही बँक नातलगांना सहसा देत नाही. न्यायालयाने बोलावली तर देते. आणि निदान एका साक्षीदाराला, बहुधा त्या दिवाणजींनाच, पिंजऱ्यात उभे राहून सांगावे लागते, की त्या दिवशी रुग्णालयाच्या कोणत्या खोलीत, कोणाकोणासमक्ष आणि कोणाच्या लेखणीने सही झाली.