पत्रिकेतला आकडा आणि पत्रिकेतलं घर

दादाचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "अगं, त्या स्थळाकडून नकार आला. आपल्या पोरीला आठवा मंगळ आहे म्हणे," तो म्हणाला. आवाज एवढासा झाला होता. भाची तिशीला आलेली, शिकलेली, नोकरी करणारी. मुलगा चांगला, माणसं चांगली, आणि ऐनवेळी हा मंगळ मध्ये आलेला. मी म्हटलं, "पत्रिकेचा फोटो काढून पाठव."

फोटो आला आणि मी हसले. मंगळ आठव्या घरात नव्हताच. तो होता ८ हा आकडा लिहिलेल्या घरात. या दोन गोष्टींमध्ये जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तो न कळल्यामुळे किती स्थळं परस्पर परत जात असतील कुणास ठाऊक! म्हणून मैत्रिणींनो, घरातली एखादी पत्रिका समोर घेऊन बसा. आज फक्त तो चौकोन वाचायला शिकू. भविष्य सांगायला नाही, नुसतं वाचायला.

आपल्याकडच्या पत्रिकेत चौकोन काढून त्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरक्या रेघा मारलेल्या असतात. शिवाय चारही बाजूंचे मध्य रेघांनी जोडलेले असतात. त्यातून बारा घरं तयार होतात. मधली चार मोठी, शंकरपाळ्यासारखी. कोपऱ्यांतली आठ लहान, त्रिकोणी. वरच्या बाजूचं मधलं शंकरपाळं हे पहिलं घर. हेच लग्नस्थान. या लग्नाचा आपल्या लग्नकार्याशी संबंध नाही, बरं का! जन्माच्या वेळी पूर्वेला जी रास उगवत होती ती लग्नरास, आणि ती या घरात लिहितात.

आता मोजायचं कसं? पहिल्या घरापासून आपल्या डाव्या हाताकडे, म्हणजे प्रदक्षिणेच्या उलट दिशेनं. वरचा डावा त्रिकोण दुसरं घर, त्याच्या खालचा, डाव्या बाजूला टेकलेला त्रिकोण तिसरं. डावं शंकरपाळं चौथं. मग खाली उतरत पाचवं आणि सहावं, दोन्ही त्रिकोण. तळाचं शंकरपाळं सातवं. तिथून उजवीकडे वर चढत आठवं आणि नववं, उजवं शंकरपाळं दहावं, आणि शेवटी वरचे दोन त्रिकोण अकरावं आणि बारावं. एवढं लक्षात ठेवलं की झालं: वर एक, डावीकडे चार, खाली सात, उजवीकडे दहा. घरांच्या या जागा कुणाच्याही पत्रिकेत बदलत नाहीत. म्हणूनच त्या कुणी लिहीत नाही.

मग घराघरात जे आकडे दिसतात ते कशाचे? ते राशींचे. मेष १, वृषभ २, मिथुन ३, कर्क ४, सिंह ५, कन्या ६, तूळ ७, वृश्चिक ८, धनू ९, मकर १०, कुंभ ११, मीन १२. घर म्हणजे चाळीतली खोली आणि आकडा म्हणजे त्या खोलीत सध्या राहणारं बिऱ्हाड, असं समजा. खोल्या जागच्या जागी, बिऱ्हाडं मात्र प्रत्येक पत्रिकेत वेगळ्या खोलीत.

माझ्या भाचीची पत्रिका घेऊ. जन्म कऱ्हाडचा, २ नोव्हेंबर १९९५, रात्री ११ वाजून ५० मिनिटं. वरच्या शंकरपाळ्यात ४ आहे, म्हणजे कर्क लग्न. तिथून डावीकडे ५, ६, ७ असे आकडे वाढत जातात, १२ झाले की पुन्हा १, आणि शेवटच्या घरात ३. ग्रहांची नावं एकदोन अक्षरांत लिहिलेली असतात: र म्हणजे रवी, चं चंद्र, मं मंगळ, बु बुध, गु गुरू, शु शुक्र, श शनी, रा राहू, के केतू. काही पत्रिकांत ह, ने, प्लु दिसतात, ते हर्षल, नेपच्यून आणि प्लुटो.

तिच्या पत्रिकेत 'मं, गु, शु' हे तिघं ८ आकड्याच्या घरात बसलेत. मुलाच्या आईनं तो आकडा पाहिला आणि आठवा मंगळ म्हणून मोकळ्या झाल्या. आपण मोजू. ४ पहिलं, ५ दुसरं, ६ तिसरं, ७ चौथं आणि ८ पाचवं. मंगळ पाचव्या घरात, वृश्चिक राशीत, म्हणजे स्वतःच्याच राशीत आहे. मंगळाची पत्रिका म्हणतात ती मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात असला तर. पाचवं त्यात येत नाही. काही जण चंद्रापासूनही मोजतात. तिचा चंद्र ११ आकड्याच्या, कुंभेच्या घरात आहे. तिथून एक धरून मोजलं तर मंगळ दहावा येतो. तोही यादीत नाही.

मग खरं आठवं घर कुठलं? तळाच्या शंकरपाळ्याच्या उजवीकडचा त्रिकोण, जिथे ११ लिहिलंय आणि 'चं, श' बसलेत. चौथ्या घरात, ७ आकड्यावर, 'र, बु, रा' आहेत आणि बरोबर समोर, दहाव्या घरात, १ आकड्यावर केतू. बाकीची आठ घरं रिकामी. घर रिकामं दिसलं की बायका घाबरतात. "सातवं घर रिकामं, मग हिचं लग्न होणार की नाही?" अहो, ग्रह नऊ आणि घरं बारा. त्यातून दोनतीन एकत्र बसले की पाचसात घरं रिकामी राहणारच. रिकाम्या घराचा विचार करताना त्या राशीचा स्वामी कुठे बसलाय ते पाहतात. सातव्यात १०, म्हणजे मकर. तिचा स्वामी शनी.

कुठल्या घरावरून काय पाहतात तेही थोडक्यात सांगते. पहिल्यावरून देह आणि स्वभाव, दुसऱ्यावरून पैसा आणि कुटुंब, तिसऱ्यावरून भावंडं आणि पराक्रम, चौथ्यावरून आई आणि घरदार. पाचव्यावरून विद्या आणि संतती, सहाव्यावरून आजार आणि शत्रू, सातव्यावरून जोडीदार, आठव्यावरून आयुष्य आणि मृत्यू. नवव्यावरून भाग्य आणि धर्म, दहाव्यावरून नोकरीधंदा, अकराव्यावरून लाभ, बाराव्यावरून खर्च. परंपरेनं ठरलेले हे अर्थ आहेत. ग्रह कुठे आहेत हे गणित, पण त्याचं फळ काय, हा ज्याच्या त्याच्या विश्वासाचा भाग. त्याला विज्ञानाचा आधार नाही. निदान गणिताच्या चुकीपायी तरी स्थळ मोडू नये, एवढंच माझं म्हणणं.

आता पत्रिका मुळात बरोबर मांडलीय का, हे घरबसल्या ताडून पाहण्याच्या तीन खुणा. पहिली खूण रवीची. संक्रांतीला सूर्य मकरेत जातो हे आपल्याला तिळगुळामुळे पाठच आहे. म्हणजे जानेवारीच्या मध्यापासून महिनाभर जन्मलेल्या सगळ्यांचा रवी १० आकड्यावर. मग दर महिन्याच्या मध्याला एकेक रास पुढे: फेब्रुवारीत ११, मार्चमध्ये १२, एप्रिलमध्ये १. असं मोजत गेलं की ऑक्टोबरच्या मध्यापासून ७ येतो. भाचीचा रवी ७ वरच आहे.

दुसरी खूण जन्मवेळेची. सूर्य उगवताना जन्म असेल तर रवी पहिल्या घरात किंवा त्याच्या अगदी शेजारी हवा. भर दुपारचा जन्म असेल तर दहाव्याच्या, मावळतीचा असेल तर सातव्याच्या आणि मध्यरात्रीचा असेल तर चौथ्याच्या आसपास. तिचा जन्म मध्यरात्रीला दहा मिनिटं कमी असतानाचा, आणि रवी चौथ्या घरात. जुळलं! रात्री बाराच्या जन्माच्या पत्रिकेत रवी दहाव्यात दिसला तर समजावं, कुणीतरी रात्रीचे बारा म्हणजे दुपारचे बारा धरलेत. तिसरी खूण राहू-केतूची. ते नेहमी समोरासमोर, एकमेकांपासून सातव्या घरात असतात. तसे नसतील तर लिहिणाऱ्याचा हात चुकलाय.

आणखी एक घोटाळा होतो. पत्रिकेत एकाच पानावर दोनतीन चौकोन असतात: लग्नकुंडली, राशिकुंडली, नवमांश. राशिकुंडलीत चंद्राची रास वरच्या घरात मांडतात. त्यामुळे वरच्या शंकरपाळ्यात 'चं' दिसला की चौकोनाखालचं नाव आधी वाचा, नाहीतर सगळीच घरं चुकतील. कर्नाटकाकडचं स्थळ असेल तर चौकोनच वेगळा येतो. त्यात मधला भाग मोकळा असतो आणि बारा घरं कडेनं. तिथे राशींच्या जागा पक्क्या असतात आणि लग्नाचं घर खूण करून दाखवतात. त्या घरापासून घड्याळाच्या दिशेनं मोजायचं.

हे सगळं मी दादाच्या घरी जाऊन, वाणसामानाच्या यादीमागे चौकोन काढून वहिनीला दाखवलं. वहिनीनं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "पण वन्सं, वेळ बरोबर आहे का?" प्रश्न लाखमोलाचा होता. दिवसरात्रीत बाराही राशी पूर्वेला उगवून जातात, म्हणजे साधारण दर दोन तासांनी लग्न बदलतं. हाच जन्म रात्री पावणेदोनचा असता तर लग्न सिंह आलं असतं, वरच्या घरात ५. मग ८ चौथं घर झालं असतं, आणि मंगळ खरोखरच यादीत बसला असता. वहिनीनं पेटीतून दवाखान्याचा पिवळा पडलेला कागद काढला. त्यावर ११.५० स्वच्छ लिहिलं होतं. तुमच्याकडे असा कागद नसेल आणि वेळ 'रात्री जेवणं झाल्यावर' एवढीच आठवत असेल, तर घरांवर फार विसंबू नका. राशी आणि ग्रह बहुतेक बरोबर निघतील, घरं सरकलेली असू शकतात.

मी त्या बाईंना स्वतः फोन केला. "ताई, पत्रिका समोर घ्या आणि वरच्या घरापासून डावीकडे मोजा." त्या मोजू लागल्या. चार, पाच, सहा... मी म्हटलं, "आकडे नका वाचू, घरं मोजा." मग एक, दोन, तीन, चार, पाच. पलीकडे क्षणभर शांतता. "अगंबाई! मी तर याच्याआधी दोन मुली अशाच परत पाठवल्या," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी ती मंडळी कांदेपोहे खाऊन गेली. मुलगा आणि भाची दोघं गच्चीत अर्धा तास बोलली. नंतर भाचीनंच नाही म्हटलं. तिला कऱ्हाडची नोकरी सोडायची नव्हती आणि मुलाचं त्यावर ठाम मत होतं. दादा जरा हिरमुसला. मला मात्र बरं वाटलं. नकार तिचा तिनं दिला होता, आणि कशासाठी दिला ते तिला नेमकं ठाऊक होतं.