वकिलाची नोटीस : खरे लिहा, कबुली देऊ नका

वकिलाची नोटीस आली की छोट्या कंपनीत दोनपैकी एक गोष्ट होते. मालक चिडून सगळेच नाकारायला निघतो, नाहीतर घाबरून ‘थोडी मुदत द्या’ असे लिहून मोकळा होतो. दोन्ही उत्तरे पुढे कोर्टात कंपनीच्याच विरोधात वापरली जाऊ शकतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. भोसरीतली एक कंपनी पुठ्ठ्याची खोकी बनवते. कागदाचे रोल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने एप्रिल 2025 मध्ये वकिलामार्फत 4 लाख 80 हजार रुपये आणि त्यावर 24 टक्के व्याज मागितले. बिले दोन. पहिल्या बिलाचे 2 लाख 15 हजार कंपनीने एनईएफटीने चुकते केले आहेत, पण ते व्यापाऱ्याच्या खात्यात जमा दाखवलेले नाहीत. दुसरे बिल 2 लाख 65 हजारांचे. तो माल 9 जून 2022 रोजी आला. त्यातले चार रोल ओले निघाले, ते चलनाने परत गेले आणि त्यांची 96 हजारांची डेबिट नोट पाठवली गेली.

अकाउंटंट साहजिकच लिहील, ‘96 हजार वजा करून बाकी रक्कम सवडीने देऊ.’ वाक्य सरळ आहे, पण महाग पडू शकते. उधारीची ठराविक मुदत नसेल, तर मालाच्या किमतीचा दावा माल दिल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. म्हणजे ही मुदत जून 2025 मध्ये संपत आली होती. ती संपण्याआधी देणे लेखी मान्य केले, तर मुदत कायद्याच्या कलम 18 नुसार त्या दिवसापासून नवी तीन वर्षे सुरू होतात. सोबत वजावट मागितली किंवा पैसे द्यायला नकार दिला, तरी लेखी कबुली ही कबुलीच राहते. ती मालकाच्या अधिकृत प्रतिनिधीच्या सहीनेही होऊ शकते. म्हणून नोटीस आली की त्या विषयावरचे सगळे ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप निरोप आधी थांबवावेत.

दुसऱ्या टोकाला असते ते ठरावीक वाक्य : ‘नोटिशीतील सर्व मजकूर खोटा व लबाडीचा असून कबूल नाही.’ माल मिळाल्याच्या चलनावर कंपनीचाच शिक्का असताना मालच आला नाही असे सुचवले, तर उलटतपासणीत मालकाची बाकीची साक्षही संशयास्पद ठरते.

मधला मार्ग म्हणजे नोटिशीच्या परिच्छेदांना क्रमाने उत्तर देणे. कागदावर आहे ते तारखेसह सांगायचे. त्यातून निघणारी जबाबदारी मात्र मान्य करायची नाही. उदाहरणार्थ : ‘परिच्छेद 3 बाबत : दि. 9 जून 2022 च्या चलनाखाली आलेल्या मालापैकी चार रोल ओले असल्याचे आमच्या अशिलांनी दि. 14 जून 2022 च्या ईमेलने कळवले व ते परत पाठवले. मागणी केलेली रक्कम देय असल्याचे आमच्या अशिलांना मान्य नाही.’ पहिल्या बिलासाठी एनईएफटीची तारीख आणि यूटीआर क्रमांक पुरे. व्याजाचा दर कोणत्या करारात ठरला ते विचारावे आणि पूर्ण खातेउतारा मागावा. शेवटी, ज्या मुद्द्याचा उल्लेख राहिला तो कबूल आहे असे समजू नये, हे वाक्य घालावे. ‘फसवणूक’, ‘खंडणी’ असे शब्द नकोत. ते सिद्ध करण्याची जबाबदारी अंगावर येते.

मग उरलेल्या 1 लाख 69 हजारांचे काय? ते खरोखर देणे असेल तर खोटा नकार देऊ नये. वकिलाशी बोलून ते चुकते करावे, किंवा तडजोडीचा प्रस्ताव ‘हक्क अबाधित ठेवून’ अशा शीर्षकाच्या वेगळ्या पत्रात द्यावा. नोटिशीच्या उत्तरात तो मिसळू नये.

मुदत पाहताना नोटिशीचा प्रकार ओळखायला हवा. साध्या नोटिशीतले ‘15 दिवसांत’ हे बहुधा वकिलाने दिलेले असतात. गप्प बसल्याने देणे आपोआप सिद्ध होत नाही, पण कोर्ट त्या मौनाचा प्रतिकूल अर्थ लावू शकते. चेक न वटल्याच्या नोटिशीतले 15 दिवस मात्र कायद्याचे असतात आणि ते उत्तरासाठी नसून पैसे देण्यासाठी असतात. म्हणून नोटीस मिळाल्याची तारीख लिहून पाकीट जपावे, आणि उत्तर समोरच्या वकिलाला पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवावे.

उत्तर कितीही नेटके असले तरी त्याचे बळ जुन्या कागदांतच असते. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर मालाबद्दलची हरकत माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी घ्यावी लागते. नाहीतर माल स्वीकारला असे कायदा धरतो. भोसरीच्या कंपनीचा ईमेल पाचव्या दिवशी गेला होता. तो गेला नसता, तर ओल्या रोलांची तक्रार नोटीस आल्यावर सुचलेली सबब वाटली असती.