ऑपरेशन थिएटरचा गारवा कागदावर ठरतो

रुग्णालयाची नवी विंग बांधायची ठरली की आर्किटेक्टच्या नकाशांबरोबर आणखी एक दस्तऐवज तयार करावा लागतो, डिझाइन बेसिस रिपोर्ट. इंजिनियर मंडळी त्याला डीबीआर म्हणतात. एसी, वीज, पाणी, ऑक्सिजनच्या लाइन, आग विझवण्याची यंत्रणा हे सगळं काय गृहीत धरून आखायचं, ते त्यात लिहिलेलं असतं. यंत्रं कोणाची घ्यायची, हा प्रश्न नंतरचा. आधी कोणत्या खोलीला काय आणि किती लागतं, ते ठरायला हवं. ऑपरेशन थिएटरचं एकच पान नीट वाचलं, तरी हा कागद किती पुढचं ठरवून टाकतो ते कळतं.

समजा, मुंबईत एक ओटी आहे. 6 मीटर लांब, 6 मीटर रुंद, 3 मीटर उंच, म्हणजे 108 घनमीटर. डीबीआर सांगतो, खोलीतली हवा तासाला 20 वेळा बदलायची. म्हणजे ताशी 2160 घनमीटर हवा हेपा फिल्टरमधून, टेबलाच्या बरोबर वरून, खाली सोडायची. त्यातले चार बदल, म्हणजे 432 घनमीटर, बाहेरच्या ताज्या हवेचे. बाकीची हवा आतलीच, पुन्हा गाळलेली. खोलीतला दाब बाहेरच्या पॅसेजपेक्षा किमान 2.5 पास्कलने जास्त ठेवायचा. मग फटीतून हवा बाहेरच जाते आणि पॅसेजमधले जंतू आत ओढले जात नाहीत.

आता तापमान. सर्जन सांगतात, "मला 18 डिग्री पाहिजे." तीन-तीन तास गाऊन आणि हातमोजे घालून दिव्याखाली उभं राहणाऱ्या माणसाची ही मागणी रास्तच आहे. पण डीबीआरमध्ये नुसतं '18 डिग्री' लिहून थांबलं, की पुढची चूक तिथेच पक्की होते. शेजारी आर्द्रतेचा आकडा हवा, बहुतेक ठिकाणी कमाल 60 टक्के.

जुलैतली मुंबईची हवा घ्या, 30 डिग्री आणि 85 टक्के आर्द्रता. ती 21 डिग्री आणि 60 टक्क्यांवर आणायची, तर वरच्या 432 घनमीटर ताज्या हवेतून दर तासाला साडेसहा लिटरच्या आसपास पाणी काढून टाकावं लागतं. हे पाणी कॉइलवर सुटतं, आणि त्यासाठी हवा 12-13 डिग्रीपर्यंत थंड करावी लागते. एवढी गार हवा खोली हवी त्याहून थंड करते, म्हणून पुढे हीटरने तिला थोडी ऊब द्यावी लागते. थंड करून परत गरम करणं उधळपट्टीचं वाटतं, पण कोरडेपणाची किंमत तीच आहे. ओटी 18 डिग्रीवर ठेवून आर्द्रता 60 टक्केच हवी असेल, तर हवा 10 डिग्रीपर्यंत उतरवावी लागते. चिलरचं पाणी सहसा 7 डिग्रीचं असतं. त्यात हे कसंबसं बसतं. कॉइल मोठी घ्यावी लागते किंवा पाणी आणखी थंड करावं लागतं.

हे आधी लिहिलं नसेल तर काय होतं? जानेवारीत चाचणी घेतली तर सगळं उत्तम निघतं, कारण बाहेरची हवा बरीच कोरडी असते. पावसाळा आला की भिंतीवरचा तापमानाचा आकडा बरोबर दिसतो आणि शेजारचा आर्द्रतेचा आकडा 70-75 वर जातो. दार सतत उघडत राहिलं तर छतातल्या थंड जाळीच्या कडेला पाण्याचे थेंब जमू लागतात. काही आठवड्यांनी फॉल्स सीलिंगच्या सांध्यात काळी बुरशी धरते. सगळे एसीवाल्याला बोलावतात. चूक मात्र त्या कागदातली.

पंख्याचंही तसंच. हेपा फिल्टर नवा असताना हवेला जेवढा अडथळा करतो, त्याच्या साधारण दुप्पट अडथळा तो भरत आल्यावर करतो. पंखा नव्या फिल्टरच्या हिशेबाने निवडला, तर काही महिन्यांनी 2160 चे 1700 होतात आणि दाबही ढासळतो. म्हणून पंखा मळलेल्या फिल्टरवर मोजायचा आणि फिल्टरच्या दोन्ही बाजूंतला दाबाचा फरक दाखवणारा गेज लावायचा, असं डीबीआरमध्येच लिहावं.

विजेचं पान याच पानाला जोडून वाचावं लागतं. टेबलाभोवतीचे प्लग आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर ठेवतात. एखाद्या उपकरणाचा पहिला अर्थ फॉल्ट झाला, तर वीज तुटत नाही. फक्त अलार्म वाजतो आणि शस्त्रक्रिया चालू राहते. ओटीचा दिवा आणि जीव तगवणारी उपकरणं अर्ध्या सेकंदात परत चालू व्हायला हवीत, म्हणून ती यूपीएसवर. बाकीच्या महत्त्वाच्या गोष्टींना जनरेटरने 15 सेकंदांत उचलायचं.

वाद होतो तो एसीवर. पूर्ण एसी जनरेटरवर घेतला तर जनरेटर भलामोठा लागतो, म्हणून खर्च वाचवताना तोच आधी कापला जातो. पण खोलीतला दाब पंखा राखतो, चिलर नाही. वीज गेल्यावर चिलर परत सुरू व्हायला तसाही काही मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात थंडावा फारसा ओसरत नाही. दाब मात्र पंखा थांबला की लगेच जातो. म्हणून नीट केलेल्या डीबीआरमध्ये ओटीचा पंखा 15 सेकंदांच्या यादीत असतो, आणि चिलर जनरेटर स्थिरावल्यावर, दुसऱ्या टप्प्यात.