थायरॉइडचा आकडा आणि बिथरलेला मेंदू

अँटी-टीपीओ ही रक्ततपासणी आता लहान शहरांतल्या लॅबमध्येही होते. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या पुष्कळ बायकांच्या फाइलमध्ये तिचा आकडा कमाल मर्यादेच्या कितीतरी पट लिहिलेला असतो आणि त्या व्यवस्थित नोकरी, घर सांभाळत असतात. पण फार थोड्या रुग्णांत हाच आकडा मेंदूच्या एका विचित्र आजाराचा धागा ठरतो. त्याला हाशिमोटो एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. मेंदूला आलेली ही सूज स्टेरॉइडने उतरते, म्हणून तो सापडणं मोलाचं. मात्र त्या आकड्यावर भिस्त ठेवली, तर फसगत होण्याचीच शक्यता जास्त.

एक उदाहरण घेऊ. हे कुणा एका रुग्णाचं नाही. असे रुग्ण ज्या वाटांनी येतात, त्या एकत्र करून मांडलं आहे.

बावन्न वर्षांच्या शिक्षिका. सहा वर्षांपासून थायरॉइडची गोळी चालू. तीन आठवड्यांत हजेरीपटावर खुणा भलत्याच नावांपुढे पडायला लागल्या. चहाचा कप बशीत खुळखुळू लागला. एका संध्याकाळी बोलता बोलता शब्दच फुटेना. लकवा समजून दवाखान्यात नेलं, सीटी स्कॅन निर्दोष आला, आणि घरी परतेपर्यंत बाई पुन्हा नीट बोलत होत्या. मग रात्री झोप उडाली आणि “दारात कोण उभं आहे?” सुरू झालं. घरच्यांनी पाळी जाण्याच्या वयाला दोष दिला. ओळखीच्या डॉक्टरांनी मनोविकाराच्या गोळ्या दिल्या. आठवड्याने पहाटे फिट आली, तेव्हा त्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे हलवलं.

तिथे पहिली परीक्षा साधीच होती. “बाई, वर्षाचे महिने उलटे म्हणा.” डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, परत नोव्हेंबर, मग थांबल्या. हात पुढे धरायला सांगितले तर बारीक थरथर होती आणि मधूनच बोटांना झटकन हिसका बसत होता. त्या हिसक्याला मायोक्लोनस म्हणतात. सकाळी राउंडला बाई मुलाचं नाव बरोबर सांगायच्या, दुपारी त्यालाच भाऊ समजायच्या. हा चढउतार महत्त्वाचा. मेंदू झिजण्याच्या बहुतेक आजारांत घसरण संथ, एकाच दिशेने असते. इथे दिवसागणिक, कधी तासागणिक रंग बदलतो.

रक्तातली साखर, सोडियम, यकृत, मूत्रपिंड, बी-१२ सगळं ठीक. एमआरआय निर्दोष. ईईजीमध्ये लहरी संथ झालेल्या, म्हणजे मेंदूचं काम सरसकट मंदावलेलं. पाठीतून काढलेल्या पाण्यात प्रथिनं ८० मिलिग्रॅम, जिथे साधारण ४५ पर्यंत चालतात. पेशी मात्र नगण्य आणि साखर नेहमीएवढी, म्हणजे जंतुसंसर्गाची खूण नाही. टीएसएच ८. हा थायरॉइडचा किरकोळ बिघाड, एवढ्याने माणूस भ्रमिष्ट होत नाही. अँटी-टीपीओ हजाराच्या वर.

इथे डॉक्टर काय करतात ते पाहण्यासारखं आहे. चांगला न्यूरॉलॉजिस्ट हा आकडा पाहून खूश होत नाही. साधारण दहातल्या एका निरोगी माणसाच्या रक्तातही ही प्रतिपिंडं मिळतात, पोक्त वयाच्या बायकांत त्याहून जास्त. त्यामुळे मेंदूच्या कुठल्याही आजाराच्या रुग्णात ती योगायोगाने सापडू शकतात. शिवाय ती मेंदूवर हल्ला करतात असा पुरावा नाही. आकडा किती मोठा यावर आजार किती तीव्र हे ठरत नाही. मला विचाराल तर ही प्रतिपिंडं गुन्हेगार नसून, या शरीराची प्रतिकारयंत्रणा घरच्यांवरच उलटण्याच्या स्वभावाची आहे, एवढीच साक्ष देणारी आहेत.

हा संशय आजाराच्या जन्मापासूनचा आहे. हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यविशारदाने १९१२ मध्ये गलग्रंथीच्या सुजेचं वर्णन केलं, त्यात मेंदूचा संबंध नव्हता. मेंदूची जोड दिली ती १९६६ मध्ये लॉर्ड ब्रेन या इंग्रज न्यूरॉलॉजिस्टने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ‘लॅन्सेट’मध्ये एका रुग्णाची हकिगत छापून. हा खरंच नवा आजार की नुसता योगायोग, हा प्रश्न त्यांनी तिथेच मोकळा ठेवला होता. गंमत अशी, की आज ज्या आजाराच्या नावातच ‘स्टेरॉइडला दाद देणारा’ असं घालतात, त्याच्या त्या पहिल्या रुग्णाला स्टेरॉइडचा गुण आला नव्हता.

पुढे मेंदूतल्याच प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं शोधता येऊ लागली आणि पूर्वी हाशिमोटोच्या नावावर खपलेल्या काही रुग्णांचं निदान बदललं. २०१६ मध्ये तज्ज्ञांनी निकष घालून दिले, त्यांत ही दुसरी प्रतिपिंडं रक्तात आणि पाठीच्या पाण्यात नसल्याची खात्री करणं आवश्यक मानलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने या आजाराच्या संशयाने आलेल्या १४४ रुग्णांचा आढावा घेतला, तर जेमतेम चौथ्या हिश्श्यालाच प्रतिकारयंत्रणेमुळे झालेला मेंदूचा आजार निघाला. बाकीच्यांना निराळंच काही होतं. त्यात मनाच्या ताणातून उमटणारी लक्षणंही होती आणि मेंदू झिजण्याचे आजारही.

म्हणून शिक्षिकाबाईंचे नमुने या दुसऱ्या प्रतिपिंडांसाठी स्टेरॉइडच्या आधीच पाठवले गेले. आपल्याकडे त्याच्या जोडीने आणखी एक गोष्ट टाळता येत नाही, ती म्हणजे मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग नाही ना याची शहानिशा. क्षयाला औषध न देता नुसतं स्टेरॉइड दिलं, तर जंतूंना रान मोकळं होतं. मेंदूतला लिम्फोमा नावाचा कर्करोग तर आणखी लबाड. स्टेरॉइडने तो काही दिवस आक्रसतो, रुग्ण सुधारतो, आणि नंतर बायोप्सी केली तर हाती काही लागत नाही. स्टेरॉइडने बरं वाटलं म्हणजे निदान पक्कं, हा हिशेब त्यामुळेच चालत नाही.

सगळं धुंडाळून झाल्यावर मिथाइलप्रेडनिसोलोन शिरेतून, रोज एक ग्रॅम, पाच दिवस. रोज रक्तातली साखर आणि रक्तदाब पाहायचा, कारण या मात्रेला दोन्ही उसळतात, काहींची झोप उडते, काही उगाच उत्साहात येतात. हा उत्साह नातेवाइकांना सुधारणा वाटतो, म्हणून डॉक्टर तेच महिने पुन्हा विचारतात. चौथ्या दिवशी बाई डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत एका दमात आल्या. हातातले हिसके गेले, थरथर थोडी राहिली. दहाव्या दिवशीच्या ईईजीत लहरी बऱ्याच सावरल्या होत्या. अँटी-टीपीओचा आकडा मात्र होता तिथेच, आणि तो पुन्हा पुन्हा तपासण्यात अर्थ नसतो.

सगळ्यांच्या बाबतीत असं सरळ होत नाही. गुण आला नाही तर आधी निदान पुन्हा तपासायचं, मग शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्तातला द्रव बदलण्याची प्रक्रिया करायची. गुण आला तरी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या काही महिने चालतात आणि मात्रा पायरीपायरीने उतरवावी लागते. घाईने गोळी बंद केली की गोंधळ किंवा फिट परतू शकते, आणि वारंवार तसं झालं तर अझाथायोप्रिनसारखी दुसरी औषधं जोडावी लागतात. त्या महिन्यांत हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू राहतं, साखर मोजली जाते. थायरॉइडची गोळी आपल्या जागी तशीच चालू असते, तिचा डोस टीएसएचवर ठरतो, अँटी-टीपीओवर नाही.