गच्चीवरची टाकी, गाळाचा फिल्टर आणि थेंबथेंब गळती

टाकीच्या आउटलेटवर बसवलेला गाळाचा फिल्टर तुंबला, की पहिली तक्रार येते शॉवरची. मग बेसिन, मग वॉशिंग मशीन. एकच नळ बारीक झाला असेल तर त्याची जाळी साफ करावी. पण सगळ्या घराचं पाणी एकदम मंदावलं, तर संशय फिल्टरच्या कार्ट्रिजवर घ्यावा. खात्री करणं सोपं आहे. फिल्टरला बायपास लाइन असेल तर ती दोन मिनिटं उघडा. नळ पूर्वीसारखे वाहू लागले, तर कार्ट्रिज तुंबलंय. नाहीच वाहिले, तर पाइपात गंज किंवा हवा अडकलीय, नाहीतर टाकीच रिकामी होत आलीय.

बाजारात मिळणारं पांढरं, कापसासारखं दिसणारं स्पन कार्ट्रिज ‘सहा महिने चालतं’ असं सांगितलं जातं. हा आकडा आपल्या घरांना फारसा लागू पडत नाही. पाण्याची उंची दहा मीटर असेल तर साधारण एक किलो प्रेशर मिळतं. वरच्या मजल्यावर टाकीतलं पाणी आणि शॉवर यांच्यात जेमतेम तीन मीटर असतात, म्हणजे हाती प्रेशर फक्त ०.३ किलो. परदेशात थेट मुख्य लाइनवरून पाणी घेणाऱ्या घरांत तीन-चार किलो प्रेशर असतं. तिथे तुंबत आलेल्या कार्ट्रिजने अर्धा किलो खाल्लं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे तेवढं असतंच कुठे? म्हणून कार्ट्रिज अर्धं भरायच्या आतच घरात ओरड सुरू होते.

तेव्हा कॅलेंडरपेक्षा बादलीवर विश्वास ठेवावा. नवं कार्ट्रिज घातलं, की त्याच दिवशी एक ठरावीक नळ पूर्ण उघडून पंधरा लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजून फिल्टरजवळ भिंतीवर लिहून ठेवावं. समजा दीड मिनिट लागलं. पुढे दर पंधरवड्याला टाकी साधारण तेवढीच भरलेली असताना मोजावं, आणि वेळ सव्वादोन मिनिटांवर गेला की बदलावं. बोअरच्या किंवा टँकरच्या गढूळ पाण्यावर जे कार्ट्रिज उन्हाळ्यात तीन महिने टिकतं, ते पावसाळ्यात तीन आठवड्यांतही हात टेकू शकतं. दर महिन्याला खर्च येत असेल तर पाच मायक्रॉनऐवजी वीस मायक्रॉनचं घ्यावं, किंवा जाड ‘जंबो’ हाउसिंग बसवावं. त्याचं कार्ट्रिज जवळपास दुप्पट रुंद असल्याने गाळाला पृष्ठभाग जास्त मिळतो. प्रवाह चांगला असला तरी तेच कार्ट्रिज वर्षभर ठेवू नये. ते आतून बुळबुळीत होतं. रंगावरून मात्र निकाल देऊ नये. तपकिरी झालेलं कार्ट्रिजही कधीकधी उत्तम पाणी सोडतं.

गळतीचं म्हणाल, तर ती बहुतेक वेळा कार्ट्रिज बदलताना जन्माला येते. आधी येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करा, वरचं लाल बटण दाबून प्रेशर सोडा, मगच पाना लावा. बाउल खाली आला की ओ-रिंग कुठे आहे ते पाहा. कित्येकदा ती झाकणालाच चिकटून राहते आणि नंतर कचऱ्याबरोबर जाते. बाउलवरची खाच ओल्या फडक्याने पुसा. गाळाचा एक कण राहिला तरी तिथून पाणी पाझरतं. रिंग बोटांतून फिरवून पाहा. चपटी, कडक किंवा चिरलेली असेल तर नवीच घ्या, आणि हाउसिंगच्या मॉडेलची घ्या, ‘साधारण तेवढीच’ नको. वर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावू नये, काही रबरं त्याने फुगतात. मग रिंग पीळ न पडता खाचेत चारी बाजूंनी सारखी बसवा.

नव्या कार्ट्रिजवरचं प्लॅस्टिक काढायला विसरणारेही आहेत. मग पाणी अजिबातच येत नाही. कार्ट्रिज खालच्या उंचवट्यावर नीट उभं करून बाउल हाताने घट्ट फिरवा. पाना फक्त शेवटच्या किंचित आवळणीपुरता. जोर करून आवळलं की रिंग पिळवटते आणि जास्तच गळतं; आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळूनही फायदा नाही, कारण इथे पाणी अडवते ती रिंग, आटे नव्हेत. टेपची जागा पाइपाच्या जोडांवर. येणारा व्हॉल्व्ह हळू उघडा आणि लाल बटणातून हवा जाऊन पाणी येईपर्यंत ते दाबून ठेवा, नाहीतर कमी प्रेशरच्या लाइनीत हवा अडकून बसते.

तरी थेंब आला, तर सगळं कोरडं पुसून बाउलच्या जोडाभोवती टिश्यू पेपर गुंडाळा. जोडाशी आधी ओला झाला तर रिंग पुन्हा बसवा. वरून ओघळ आला तर इनलेट-आउटलेटचा जोड बघा. आणि कागद कोरडाच राहून बाउलच्या पोटावर ओल आली, तर ती केसासारखी चीर आहे. ती एम-सीलने बुजवण्याच्या फंदात पडू नये. पंप सुरू होताना बाउल फुटला तर सगळं घर पाण्यात जाईल. सरळ नवा बाउल आणावा.